ओरडते हार्ड डिस्क, उपाशी असते रॅम

भाच्याचा पीसी आम्ही 2019 च्या दिवाळीत जोडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून सुटे भाग आणले होते: इंटेलचा आय5-9400एफ प्रोसेसर, एच310 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी रॅमची एक पट्टी, 1 टीबीची 7200 आरपीएम हार्ड डिस्क आणि 4 जीबीचं जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड. त्या काळी हात राखून गेमिंग पीसी मागितला की दुकानदार कागदावर साधारण हीच यादी लिहून द्यायचा. महाराष्ट्रातल्या किती घरांत आज हाच किंवा याच्या जवळपासचा पीसी टेबलाखाली धूळ खात, पण चालू स्थितीत आहे, हे मला येणाऱ्या फोनवरून कळतं.

गेल्या डिसेंबरात भाचा म्हणाला, "मामा, कार्ड म्हातारं झालंय. रेड डेड खेळताना सारखं अडकतं. यंदा कार्डच घेऊ या." पैसे एका भागापुरते होते. कार्ड घेतलं तर रॅम आणि एसएसडी पुढच्या वर्षावर जाणार, आणि रॅम घेतली तर कार्ड. त्याला मी एवढंच म्हटलं की शनिवारी येतो, तोवर काही मागवू नकोस.

असं म्हणण्यामागे एक कारण होतं. गेम अडखळला की दोष ग्राफिक्स कार्डाला द्यायची सवय आपल्याला लागली आहे, कारण चित्र तेच काढतं. पण कार्ड, रॅम आणि डिस्क हे तीन भाग एकमेकांपासून सुटे काम करत नाहीत. एकात मावलं नाही की ते दुसऱ्यात सांडतं आणि दुसऱ्यात मावलं नाही की तिसऱ्यात. त्यामुळे पडद्यावर जो भाग शंभर टक्के दिसतो, जो करकर आवाज करतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याचं ओझं वाहत असतो.

स्वयंपाकघराशी ताडून पाहिलं तर हे चटकन लक्षात येतं. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, हा गॅसशेजारचा ओटा. तिथे ठेवलेलं सामान हात न लांबवता मिळतं. रॅम हे ओट्यामागचं फडताळ, आणि डिस्क म्हणजे माळा. गेममधल्या भिंती, झाडं, घोड्याची कातडी, माणसांचे चेहरे यांची चित्रं, ज्यांना टेक्स्चर म्हणतात, ती माळ्यावरून फडताळात येतात आणि तिथून ओट्यावर. ओटा 4 जीबीचा असेल आणि गेमला 5 जीबी पसरायचं असेल, तर वरचं 1 जीबी फडताळात जातं. फडताळ 8 जीबीचंच असेल, आणि त्यात आधीच विंडोज, ब्राउझर आणि खुद्द गेम बसलेले असतील, तर विंडोज फडताळातलं काही उचलून माळ्यावर नेऊन ठेवते. डिस्कवर `pagefile.sys` नावाची जी मोठी फाइल असते, ती याचसाठी.

आता माळ्यावर चढायला किती वेळ लागतो ते बघा. 7200 आरपीएमची तबकडी एका फेरीला 8.3 मिलिसेकंद घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंद जातात, आणि ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी 8-9. म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या माहितीचा एक तुकडा आणायला 12-13 मिलिसेकंद. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल तर एका चित्राच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात. एका तुकड्यातच जवळजवळ सगळा वेळ संपला, आणि गेमला असे शेकडो तुकडे हवे असतात. एसएसडीला असा तुकडा द्यायला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो.

शनिवारी आम्ही दोघं पीसीसमोर बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारं एमएसआय आफ्टरबर्नर टाकलं. ते फुकट मिळतं आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. त्यात सरासरी एफपीएसच्या जोडीला `1% Low` नावाचा आकडा चालू केला. सरासरी एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं. आणि हा दुसरा आकडा सगळ्यांत मंद निघालेल्या चित्रांचा वेग सांगतो. गेम "अडकतो" असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांना हा दुसरा आकडा खुपत असतो. सरासरी 50 असूनही तो 10 वर असेल तर खेळ गुळगुळीत वाटत नाही. उलट सरासरी 40 आणि तो 33 असेल तर हात सहज बसतो.

चाचणीला रेड डेड रिडेम्पशन 2 घेतला. पीसीवर तो नोव्हेंबर 2019 मध्ये आला, डिस्कवर 150 जीबी जागा मागतो, आणि किमान रॅम 8 जीबी असली तरी त्याची शिफारस 12 जीबीची आहे. त्यात व्हॅलेंटाइन नावाच्या छोट्या गावातून सेंट डेनिस या मोठ्या शहराकडे घोडा दौडवत नेला. उघडं माळरान संपून गजबजलेलं शहर येतं तेव्हा ओटा, फडताळ आणि माळा या तिघांवर एकदम ताण पडतो. रस्ता मुद्दाम ठरलेला ठेवायचा, म्हणजे दर खेपेचे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

पहिल्या खेपेला सरासरी 47 आली आणि दुसरा आकडा 11. माळरानावर कार्डाचा वापर 97-98 टक्के दिसत होता. शहराची वेस आली आणि चित्र गोठलं. अर्धा सेकंद, पुन्हा सुटलं, पुन्हा गोठलं. त्याच क्षणी कार्डाचा वापर 25 टक्क्यांवर घसरला. ही खूण फार महत्त्वाची आहे. कार्ड खरोखर थकलं असतं तर गोठलेल्या क्षणीही ते शंभराला टेकून असतं. इथे ते रिकाम्या हाताने सामानाची वाट बघत उभं होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचं `Active time` 100 टक्के आणि रॅम 8 पैकी 7.6 जीबी. शेजारीच `Committed` चा आकडा 13 जीबीच्या पुढे. प्रोग्रामांना मिळून जेवढी मेमरी देऊ केली आहे तेवढा हा आकडा असतो. तो प्रत्यक्ष रॅमच्या इतका वर गेला की उरलेल्या मागणीचा भार डिस्कवरच्या त्या फाइलवर पडू लागतो.

भाचा म्हणाला, "डिस्कच शंभर दाखवतेय ना? मग एसएसडी घेऊ." डिस्कचा आवाजही तेच सांगत होता. पण डिस्क स्वतःच्या कामाने दमली आहे की रॅमचं सांडलेलं उचलून दमली आहे, हे त्या शंभर टक्क्यांवरून कळत नाही. ते शोधायची सोपी युक्ती म्हणजे तोच रस्ता लगेच दुसऱ्यांदा जायचं. विंडोज एकदा डिस्कवरून वाचलेल्या फाइल्स रॅमच्या मोकळ्या जागेत राखून ठेवते. रॅम पुरेशी असेल तर दुसऱ्या खेपेला त्या तिथूनच मिळतात आणि घोडा न अडता शहरात शिरतो. तसं झालं तर दोष डिस्कच्या मंदपणाचा. दुसऱ्या खेपेलाही तसंच गोठलं, तर राखून ठेवायला जागाच नव्हती, म्हणजे रॅम अपुरी. आमचा घोडा दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या खेपेलाही त्याच वेशीवर अडला.

इथे एक सावधगिरी. नवा गेम किंवा नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिल्यांदा खेळताना कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, तयार होत असतात. तेव्हाही गेम अडखळतो आणि दुसऱ्या खेपेला सुधारतो. पण त्या वेळी डिस्क शांत असते आणि प्रोसेसरचा आलेख उसळतो. डिस्कचा आलेख बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शक्यतो गेम अर्धा तास खेळून झाल्यावरच मोजमाप घ्यावं.

मग ब्राउझर आणि गप्पांचं ॲप बंद केलं. रॅम 6.4 जीबीवर उतरली, आणि तोच रस्ता गेल्यावर दुसरा आकडा 11 वरून 19 झाला. सरासरी मात्र जागची हलली नाही. ग्राफिक्समध्ये काहीही बदललेलं नसताना खेळ सुधारला, याचा अर्थ रॅमची टंचाई पक्की.

यानंतरची तपासणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिने कार्डाचा खरा आजार कळतो. गेमच्या सेटिंगमध्ये फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणायचं, बाकी काही हलवायचं नाही. टेक्स्चरच्या दर्जाने कार्डाच्या हिशेबाच्या कामात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओट्यावरच्या जागेत. टास्क मॅनेजरच्या जीपीयूच्या पानावर दोन आकडे असतात. `Dedicated GPU memory` म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आणि `Shared GPU memory` म्हणजे कार्डाने रॅममध्ये पसरलेले हातपाय. दुसरा आकडा नेहमीच थोडा असतो, त्याने घाबरून जायचं कारण नाही. पण पहिला काठोकाठ भरला आहे आणि खेळता खेळता दुसरा वाढत चालला आहे, असं दिसलं की ओटा सांडायला लागलाय असं समजावं. आमच्याकडे पहिला 4 पैकी 3.8 वर टेकलेला होता आणि दुसरा 0.9 जीबीवर गेला होता. टेक्स्चर उतरवलं, गेम बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा 0.9 चा 0.4 झाला आणि मंद चित्रांचा वेग 24 वर आला.

म्हणजे साखळी अशी होती. कार्डावर मावेना ते रॅममध्ये, रॅममध्ये मावेना ते डिस्कवर, आणि डिस्क शेवटची म्हणून तिचा आलेख लाल. तिन्ही भाग थोडे थोडे दोषी होते, पण सगळ्यांत अरुंद जागा मधली होती.

मग भाच्याच्या मूळ मागणीचीही परीक्षा घेतली. नवं कार्ड घेतल्यावर काय होईल, याची फुकटात रंगीत तालीम करता येते. रिझोल्यूशन 1920×1080 वरून 1280×720 वर आणलं की कार्डापुढचं काम निम्म्याहून कमी होतं. जणू दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलं. सेटिंग पूर्वीसारखं करून तोच रस्ता पुन्हा गेलो. सरासरी 47 वरून 66 झाली. भाच्याचा चेहरा खुलला. पण शहराची वेस आली, चित्र गोठलं, आणि मंद चित्रांचा आकडा 13 वर येऊन थांबला. "म्हणजे कार्ड आणलं असतं तरी इथं अडकलंच असतं," तो स्वतःहून म्हणाला. नव्या कार्डाने माळरानावरची दौड सुधारली असती, अडखळणं नाही.

याच तालमीचा उलटा निकाल लागला तर तोही कामाचा असतो. त्याच्या पीसीवर आम्ही व्हॅलोरंटही तपासला. तिथे रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस जवळपास तेवढेच राहिले. तिथे प्रोसेसर गती ठरवतो, त्यामुळे त्या गेमसाठी कार्ड बदलून हाती काही लागत नाही. आणि मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला 60 पेक्षा जास्त पूर्ण चित्रं तो दाखवूच शकत नाही.

तेव्हा रॅम आधी. टास्क मॅनेजरमध्ये `Slots used: 1 of 2` दिसत होतं, म्हणजे दुसरी खाच रिकामी होती. एच310 च्या बोर्डावर मेमरी 2666 च्या पुढे चालत नाही, त्यामुळे 3200 ची पट्टी घेतली तरी ती 2666 नेच धावणार. आय3-8100 किंवा 9100एफ असेल तर 2400 नेच. जास्त वेगाच्या आकड्यासाठी जास्तीचा रुपया द्यायची गरज नाही. दोन पट्ट्या झाल्या की आणखी एक लाभ मिळतो. एका पट्टीने प्रोसेसरला सेकंदाला 21 जीबीच्या आसपास माहिती मिळते. दोन खाचांत दोन पट्ट्या असल्या की दोन्ही वाटा एकदम उघडतात आणि तो आकडा 42 च्या वर जातो. म्हणून जुनी 8 ची पट्टी काढून एकच 16 ची बसवण्यापेक्षा जुनीच्या जोडीला 8 ची दुसरी बसवणं या पीसीला जास्त मानवतं. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चाललंय, त्यांना तर ही दुसरी पट्टी सगळ्यांत आधी घ्यावी, कारण तिथे ओटा आणि फडताळ एकच असतं.

भावाचा प्रश्न मात्र या वेळी अवघड होता. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीच्या चिप कमी पडू लागल्या आणि रॅमचे भाव भराभर चढले. पाठोपाठ एसएसडीही महागल्या. वर्षभरापूर्वी "रॅम तर स्वस्तच आहे, घालून टाक" असं मी डोळे मिटून सांगायचो. आता तसं सांगता येत नाही. आम्ही वापरलेली डीडीआर4 पट्टी घेतली. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या पीसींच्या पट्ट्या बाजारात येतात, आणि रॅममध्ये झिजणारं असं काही नसतं, त्यामुळे जुनी रॅम घ्यायला माझी हरकत नसते. जुनी एसएसडी मात्र मी घेऊ देत नाही. तिच्या पेशी प्रत्येक लिखाणाबरोबर झिजत जातात आणि आधीच्या मालकाने तिच्यावर किती लिहिलं हे दुकानात उभ्या उभ्या कळत नाही.

पीसीची वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज उतरवली. जुन्या पट्टीच्या सोनेरी दातांवर काळसर थर आला होता. तो शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसला. नव्या पट्टीची खाच बोर्डावरच्या उंचवट्याशी जुळवली आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब दिला, तेव्हा कट् करून कड्या बसल्या. एकच कट् ऐकू आला तर पट्टी तिरकी बसलेली असते आणि पीसी सुरू होत नाही, नुसता पंखा फिरतो. वापरलेली पट्टी असल्यामुळे पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट86 टाकून ती रात्रभर तपासली. एक जरी चूक दाखवली असती तर पट्टी परत केली असती, कारण अशी पट्टी गेम बंद पाडते आणि फाइल्सही बिघडवते. सकाळी पडद्यावर शून्य चुका होत्या.

पुन्हा तोच घोडा, तोच रस्ता, टेक्स्चर पहिल्याइतकंच वरचं, ब्राउझरही उघडा. सरासरी 49. मंद चित्रांचा आकडा 22. आणि दुसऱ्यांदा गेलो तेव्हा 33. वेस आली आणि गेली, कळलंही नाही. पण पहिल्या खेपेचे 22 आणि दुसऱ्या खेपेचे 33 यांतली तफावत आता वेगळी गोष्ट सांगत होती. राखून ठेवायला जागा झाली होती, आणि पहिल्यांदा डिस्कवरून आणतानाच उशीर होत होता. आता डिस्क खरोखर स्वतःच्या कामाने दमली होती. एसएसडीची पाळी दुसरी, हे त्या दोन आकड्यांनी ठरवलं.

एका बाबतीत हा क्रम मी मोडतो. मोजमाप करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा प्रोग्राम चालवून डिस्कची तब्येत बघावी. `Reallocated Sectors Count` किंवा `Current Pending Sector Count` पुढचा आकडा शून्याच्या वर असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल, तर तबकडीचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. अशी डिस्क वाचायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, तेव्हाही गेम गोठतो, कधी कधी कित्येक सेकंद. मग रॅम अपुरी असो वा कार्ड, आधी डिस्क बदलायची. त्या डिस्कवर बहुधा घरातल्या लग्नाचे फोटो आणि बारावीच्या नोट्सही असतात.

एसएसडी घेताना एच310 च्या बोर्डाची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. या बोर्डांपैकी अनेकांवर एम.2 ची खाच नसते, आणि असली तरी या चिपसेटकडे जुन्या, दुसऱ्या पिढीच्याच पीसीआय एक्स्प्रेस वाटा आहेत. म्हणून आम्ही अडीच इंची साटा एसएसडी घेतली. ती सेकंदाला सुमारे 550 एमबी देते. वेगवान एनव्हीएमई कागदावर कितीतरी पुढे असते. पण आजच्या बहुतेक गेममध्ये या दोघींतला फरक लोड व्हायच्या काही सेकंदांपुरता असतो. हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येण्यातला फरक त्याहून पुष्कळ मोठा. क्षमता मात्र कमी घेऊ नये. 240 जीबीत विंडोज आणि दीडशे जीबीचा एक गेम टाकला की ती भरत येते, आणि काठोकाठ भरलेल्या स्वस्त एसएसडीचा वेग खूप पडतो. 480 किंवा 500 जीबी घेऊन थोडी जागा कायम मोकळी ठेवावी.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे. 9400एफ विंडोज 11 च्या यादीत बसतो, फक्त बायॉसमध्ये पीटीटी नावाचा पर्याय चालू करावा लागतो. म्हणून जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर उतरवण्यापेक्षा विंडोज 11 नव्याने टाकलं. तेच काम दोनदा करायला नको.

एसएसडीवर पहिल्याच खेपेला मंद चित्रांचा आकडा 34 आला. गेम लोड व्हायला आधी दोन मिनिटांहून जास्त लागायची, ती चाळीस सेकंदांवर आली. सरासरी तीच, 49. सरासरी वाढवणारा भाग आता एकच उरला आहे. शहरात शिरतानाही कार्डाचा वापर 97 च्या खाली येत नाही, म्हणजे आता कार्ड खरोखर थकतंय. ज्यांच्या पीसीत 16 जीबी रॅम आणि एसएसडी आधीपासून आहे, आणि तरी गेम सगळीकडे सारखाच मंद चालतो, त्यांनी या मुक्कामापासून सुरुवात करावी. त्यांच्यासाठी कार्डच पहिलं.

कार्ड निवडताना ओटा आणि फडताळ यांच्यामधली वाटही बघावी लागते. जानेवारी 2022 मध्ये आलेलं आरएक्स 6500 एक्सटी 4 जीबीचं आहे, आणि ते बोर्डाशी फक्त चार वाटांनी बोलतं. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावतं. आमच्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याच चार वाटा निम्म्या वेगाच्या होतात, आणि 4 जीबी भरून सांडायला लागलं की ते सांडलेलं त्या बोळातून न्यावं लागतं. जुन्या पीसीसाठी म्हणून स्वस्तात खपणारं हे कार्ड जुन्याच पीसीत सगळ्यांत वाईट चालतं. 8 जीबीचं आरएक्स 6600 आठ वाटांचं आहे, आणि ओटा दुप्पट असल्याने सांडायची वेळच कमी येते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर त्याचं नुकसान किरकोळ होतं.

ते मात्र 132 वॉट घेतं आणि त्याला आठ पिनांची वेगळी तार लागते. जीटीएक्स 1650 चं भागत होतं 75 वॉटमध्ये. भाच्याने पीसीची बाजूची पत्र्याची झडप काढली आणि टॉर्च धरून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात 450 वॉट लिहिलं होतं. मी म्हटलं, तो आकडा सोड, `+12V` समोर किती अँपिअर आहेत ते सांग. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही त्याच ओळीवर जगतात. तो म्हणाला, "अठरा." अठरा गुणिले बारा, 216 वॉट. प्रोसेसरचे 65, कार्डाचे 132, आणि पंखे, डिस्क वगैरे धरले की तेवढ्यातच काठ येतो. प्रोसेसर आणि कार्ड दोन्हीही क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा जास्त ओढतात, तेव्हा तर ते बसतच नाही. त्यात आठ पिनांची तारही नव्हती. म्हणजे आरएक्स 6600 च्या किमतीत चांगल्या पॉवर सप्लायची किंमत मिळवूनच हिशेब करायचा. नाहीतर 6 जीबीचं आरटीएक्स 3050 आहे. ते 70 वॉटमध्ये, वेगळ्या तारेशिवाय चालतं, पण आरएक्स 6600 पेक्षा बरंच मंद आहे.

त्याने वहीत दोन रकाने आखले. एकात आरएक्स 6600 आणि पॉवर सप्लाय, दुसऱ्यात एकटं आरटीएक्स 3050. आता दर रविवारी तो दोन्हींचे भाव त्यात उतरवतो. जुनी हार्ड डिस्क आम्ही काढली नाही. तिची तब्येत ठणठणीत निघाली. तिच्यावर आता फोटो, सिनेमे आणि न खेळले जाणारे जुने गेम आहेत. तिची करकर त्या शनिवारनंतर फारशी ऐकू आलेली नाही.